पाऊण तास आणि वर एक चहा

चारकोपच्या सेक्टर आठमध्ये प्रेमा सावंत म्हणजे कोण, हे विचारायची गरज पडत नाही. विचारलंत तर समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तिच्या खिडकीकडे, आणि आवाज खाली आणून म्हणतो, "काय झालं? भांडण?" तसं तिचं भांडण कुणाशी नसतं. एकट्या चुकीशी असतं. पण चूक बिचारी एकटी कधी फिरत नाही, कुणाच्या तरी अंगावर बसूनच फिरते, आणि मग त्या माणसाला वाटतं, म्हातारी आपल्यावरच घसरली.

वय चौसष्ट. माहेर आचऱ्याच्या खाडीकाठचं, बाप तरीवाला, माणसं होडीनं खाडीपार नेणारा. नवरा काशीराम गिरणीत होता. गिरणी गेली, पुढं तोही गेला. तळमजल्यावरची एक खोली, तिच्या पायरीपुढून सोसायटीचं गटार, गटार पुढं नाल्याला, नाला खाडीला. आषाढ लागला की त्या खोलीत प्रेमा शाडूचे गणपती करते. दरवर्षी अकरा. बारावा मागितला तर म्हणते, "मगे तुमीच करा." त्या अकरांतला एक सेक्रेटरी मुकुल राणे यांच्या घरचा, गेली नऊ वर्षं.

तर हे मुकुल राणे. लिफ्टच्या कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालेले. लिफ्ट बटण दाबलं की येते, तसं जगातलं सगळं बटण दाबलं की यावं, अशी त्यांची साधी अपेक्षा. यंदा त्यांनी एक चांगलं काम केलं, ते नाकारून चालणार नाही. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी गटारातून उलटं वर चढायचं, म्हणून गटाराच्या तोंडावर लोखंडी झडप बसवून घेतली. वर चाक, चाकात घालायला हातभर दांडा. भरती आली की झडप पाडायची, ओहोटी लागली की उचलायची. उचलावी लागतेच, कारण आतलं सांडपाणी आणि पावसाचं पाणी त्याच वाटेनं बाहेर जातं. झडप कायमची पाडून ठेवली तर खाडी बाहेर राहील आणि बिल्डिंग आपल्याच पाण्यात बसेल.

काम चांगलं, पण त्यावर मुकुलनी बोर्ड लावला. दिव्यांच्या अवसेला, गुरुवारी, ते स्वतः झडपेशी उभे राहिले, दुपारी बाराच्या सुमारास पाणी चढताना पाहिलं, आणि पेंटर बोलावून पांढऱ्यावर लाल ऑइल पेंटनं लिहून घेतलं: "भरती दुपारी १२. झडप बंद ११ ते १. हुकुमावरून."

प्रेमा पिशवी घेऊन बाजारातून येत होती. बोर्डाखाली थांबली, दोनदा वाचलं.

"मुकुलभाऊ, ह्या ऑइल पेंटान कित्याक लिवलंस?"

"पावसात पुसायला नको, वहिनी."

"पुसाकच व्हया. उद्या भरती बाराक नाय. पाऊण वाजता, आपल्या खाडयेत एकाक."

मुकुल हसले. "वहिनी, भरती दर बारा तासांनी येते. आज दुपारी बारा, रात्री बारा, उद्या पुन्हा बारा. शाळेत शिकलोय आपण."

"शाळेत कोण होतो, मास्तर की मासो?" प्रेमा म्हणाली. "बारा तास आणि वर पंचवीस मिनिटां. दोनदा आली की पन्नास झाली. चंद्र रोज थोडो मागे ऱ्हवता, ती त्याच्या मागना येता. माझो बाप म्हणायचो, पाऊण तास आणि वर एक चहा. अवशेक, पुनवेक ती चहा न घेताच येता. अष्टमीक दोन कप ढोसून येता. पण कालच्या वेळेक आज येणा नाय. कधीच नाय."

"बापाचं घड्याळ होतं का?"

"नाय. म्हणून तर वेळ ठाऊक होती."

हे बोलून ती वर बोर्डाकडं बघत राहिली. मुकुल निघून गेले. म्हातारीची टर उडवायला संध्याकाळी गेटवर विषय मिळाला, असंच सगळ्यांना वाटलं.

शुक्रवार. प्रतिपदा. बोर्डाप्रमाणे वॉचमन सर्वेशनं अकराला झडप पाडली आणि एकाच्या ठोक्याला उचलली. बाहेर भरती नुकतीच टिपेला पोचलेली. पाणी जणू दाराशी उभंच होतं. "या" म्हटल्याबरोबर आत आलं. गटार भरलं, पायरी बुडली, उंबरा ओला झाला. प्रेमाच्या खोलीत अकरा गणपती पाटांवर वाळत होते, खालच्या फळीवर चार. तिनं एकटीनं ते चार उचलून कॉटवर ठेवले. शाडू म्हणजे मातीच. तिला पाणी लागलं की देव परत चिखल होतो. एका मूर्तीच्या पाटाला पाणी लागलंच. उजवा पाय टाचेपासून मऊ झाला.

मुकुल आले, पँट वर दुमडून. पाणी बघितलं. म्हणाले, "कुणाची तरी टाकी ओव्हरफ्लो झालेली दिसते."

प्रेमानं बोट गटारात बुडवून जिभेला लावलं. बघणाऱ्यांनी तोंडं वाकडी केली.

"खारी टाकी कोणाची रे?" ती म्हणाली.

पहिल्या मजल्यावरून मीरा कांबळे ओरडली, "वहिनी, ते गटार आहे ना, काय चाटताय!" आणि लगेच खाली येऊन पाट उचलायला लागली. मीरा नर्स. तिचं तोंड आणि हात एकाच वेळी चालतात.

प्रेमानं मुकुलना सरळ सांगितलं. उद्या द्वितीया. तिथीची पाऊणपट करायची: दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता भरती, आपल्या खाडीत आत यायला पाव तास जास्त, म्हणजे पावणेदोन. आणि अवशेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सगळ्यांत उंच चढतं, म्हणजे उद्या आजच्याहून जास्त. एकाला झडप उचललीस तर माझी खोली गेली. झडप साडेतीनपर्यंत पडलेली राहू दे.

"साडेतीन? आणि मध्ये पाऊस आला तर आतलं पाणी जाणार कुठं? वहिनी, वेळापत्रक कमिटीनं पास केलंय. उद्या प्रत्येक जण आपली तिथी घेऊन आला तर सोसायटी चालेल कशी?"

"दर्याक तुजी कमिटी ठाऊक आसा काय रे?"

मुकुलनी सर्वेशला बोर्ड दाखवला, बोट ठेवून, ओळ न् ओळ.

शनिवारी अकराला सर्वेशनं झडप पाडली आणि बिडीपुरता गेटवर गेला. परत आला तर चाकात दांडा नाही. शेजारच्या कट्ट्यावर प्रेमा. पाटावर बसलेली, दांडा मांडीखाली, वर लुगड्याचा घोळ.

"वहिनी, दांडा द्या ना."

"साडेतीनाक."

"साहेब मला बोलतील."

"तुका नाय. माका बोलतीत. तू जा, चाय पी."

एक वाजायला पाच कमी असताना मुकुल आले, बरोबर कमिटीचे दोघं. आभाळ भरून आलं होतं, बारीक पाऊस सुरू झाला होता, आणि झडपेच्या आतल्या बाजूला सांडपाणी बोट-बोट वर येत होतं. मुकुलनी तेच दाखवलं.

"बघा. आतून भरतंय. उघडा म्हणतोय मी."

"आतून वीतभर आसा. बाहेरना बघ."

झडपेपलीकडं नाल्याच्या भिंतीवर तिनं गेरूनं रेघ मारून ठेवली होती, बाराच्या पाण्याची. आता पाणी त्या रेघेवर तीन वीत चढलं होतं. झडपेच्या फटींतून बारीक चिळकांड्या येत होत्या, बाहेरून आत. मुकुलनी ते पाहिलं, पण शब्द दिला की फिरवायचा नाही, हा लिफ्टवाल्यांचा धर्म. लिफ्ट मध्येच परत फिरत नाही.

"सोसायटीची मालमत्ता आहे दांडा. तुम्ही ताब्यात ठेवू शकत नाही. लेखी नोटीस काढीन."

"काढ. इंग्लिशमध्ये काढ, म्हणजे मी वाचूचंय नाय."

"उठा वहिनी."

"उचल माका."

कमिटीतल्या एकानं खोकल्यासारखं केलं. कुणी पुढं झालं नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईला भर दुपारी पाटासकट उचलायचं कुठल्या उपविधीत बसतं, हे कुणालाच आठवेना. वरून मीरानं छत्री खाली सोडली, दोरीला बांधून. प्रेमानं ती उघडली आणि पाटावर आणखी पसरून बसली.

मग तिनं एक रिकामी प्लास्टिकची बाटली नाल्यात टाकली, पलीकडं, खाडीच्या बाजूला.

बाटली आत आली. संथ, हेका धरल्यासारखी, झडपेकडं. दीड वाजला. बाटली झडपेला टेकली. पाणी भिंतीच्या वरच्या विटेला आलं. आतलं पाणी आता घोट्याएवढं होतं, मीराच्या जिन्याच्या खालच्या पायरीला लागत होतं, आणि मुकुल एकदा आत, एकदा बाहेर बघत होते. प्रेमाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त मांडीखालचा दांडा ती अधूनमधून चाचपत होती. तिचा हिशेब चुकला तर आत कोंडलेलं पाणी आधी तिच्याच खोलीत शिरणार होतं. तिचा उंबरा सगळ्यांत खाली.

पावणेदोन. बाटली हलेना. जागच्या जागी थोडी डुलली, गोल फिरली आणि थांबली. पाणी ना वर, ना खाली.

"भरली," प्रेमा म्हणाली.

सर्वेशनं मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि बोर्डाकडं बघितलं, आणि पुन्हा मोबाइलकडं, जसं काही दोघांतला एक त्याला उत्तर देणार होता.

दोनला बाटली झडपेपासून सुटली. हातभर लांब गेली. मग दोन हात. मग खाडीकडं तोंड करून निघाली. साडेतीनला बाहेरचं पाणी आतल्या पाण्याच्या खाली उतरलं तेव्हा प्रेमा उठली, स्वतः दांडा चाकात घातला आणि सर्वेशला म्हणाली, "फिरव." आतलं पाणी खळखळत बाहेर गेलं. तिचा उंबरा कोरडा होता.

"काल एकाक उचललंस," ती मुकुलना म्हणाली, "तेव्हा एका गणपतीचो पाय मऊ झालो. कोणाचो, विचारतलंस नाय?"

मीरानं वरून सांगितलं, "राण्यांचाच आहे."

दांडा मात्र प्रेमानं परत चाकात ठेवला नाही. घरी नेला, खिळ्याला टांगला, मूर्तींच्या फळीशेजारी. रोज सकाळी बोर्डाच्या खाली खडूनं लिहायला लागली: आजची भरती, झडप कधी पाडायची, कधी उचलायची. लाल अक्षरात बारा तसेच. खाली खडूचे अडीच, सव्वातीन, चार. सर्वेश खडू वाचायचा, तिच्याकडून दांडा न्यायचा आणि काम झालं की परत खिळ्याला टांगायचा.

सोमवारी नोटीस आली. मराठीतच आली, तिच्या दुर्दैवानं. सोसायटीचा दांडा पंधरा दिवसांच्या आत कार्यालयात जमा करावा, अन्यथा पुढील कारवाई. खाली मुकुल राणे यांची सही, पेंटरसारखी ठळक.

प्रेमानं चष्मा लावला, नोटीस वाचली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला उत्तर लिहिलं. मीराकडून शुद्धलेखन तपासून घेतलं, कारण माणसाला नाही म्हणायचं तर निदान वेलांटी बरोबर हवी.

"मुदतीच्या आतच नारळी पौर्णिमा येते. त्या दिवशी भरती पुन्हा बाराला, म्हणजे तुमचा बोर्ड बरोबर असेल. एक दिवस. तेव्हा या. येताना नारळ आणा. दांडा मिळणार नाही. तुमच्या गणपतीचा पाय नवा केला आहे, तो वाळतोय."