सूट की तूट

शकुताई गिऱ्हाइकांची नक्कल करायला लागली की समोरचा चहा गार होऊन जायचा. घाटकोपरला भाजीबाजाराच्या तोंडाशी चंद्रप्रकाश राण्यांचं कटलरीचं दुकान आहे. क्लिपा, कानातली, बांगड्या, आरसे, पावडरचे डबे, असलं सगळं. तिथल्या गल्ल्यावर ती एकोणीस वर्षं बसली. नवरा भीमराज गेला त्याच्या पुढच्या महिन्यात लागली, ती तिथलीच झाली.

मान वाकडी करून, डोळे मिचकावत ती सुरू व्हायची: "शकुबेन, बराबर लगाव ने!" ही समोरच्या सोसायटीतली गुजराती भाभी, भाव पाडून मागणारी. मग एकदम कॉलेजची पोरगी: "ताई, प्लीज ना यार, शंभरच उरलेत, बघा पर्स!" आणि त्याच पोरीच्या दुसऱ्या हातात तीस हजारांचा फोन. मग चष्मा नाकावर घेऊन एक रिटायर बाई: "आम्ही नेहमी तुमच्याकडूनच नेतो हो." नेहमी म्हणजे दिवाळीला, वर्षातून एकदा. पैसे आल्याचं ओरडून सांगणाऱ्या स्पीकरची सुद्धा ती नक्कल करायची, नाकातून: "एक सौ पचास रुपये प्राप्त हुए!"

स्टिकर मात्र एकशे साठचा असायचा. वरचे दहा शकुताईने सोडलेले असायचे. राणेशेठनीच सांगून ठेवलं होतं, "शकुताई, दहा-पाचासाठी गिऱ्हाईक परत पाठवू नका." तिने कधी पाठवलं नाही.

एकतीस मार्चला दुपारनंतर शटर अर्धं ओढून माल मोजायला घेतला. सीएच्या ऑफिसातून ऋतिका आली होती, मुलुंडची, लॅपटॉप मांडीवर. तिने आल्या आल्या विचारलं, "काका, एकेका वस्तूची खरेदी किंमत कुठे लिहिलीय?"

"एकेका वस्तूची?" शेठ हसले. "अगो, क्लिपा गोणीने येतात. पन्नास जातीचा माल, बिलावर एकच आकडा. कुठची क्लिप कितीला पडली, ते देवाक म्हायत."

"मग स्टिकरवरून काढू. तुम्ही किती टक्के चढवता?"

"सगळ्यावर साठ. पहिल्यापासून."

"झालं तर. रॅकवरचा माल स्टिकरच्या भावाने मोजायचा आणि त्यातून खरेदीची किंमत काढायची."

"म्हणजे साठ टक्के वजा," शेठ म्हणाले.

"वाट लागेल, काका! साठ टक्के खरेदीवर चढवलेत ना तुम्ही? शंभराची वस्तू एकशे साठला लावलीत. एकशे साठातून साठ टक्के काढले तर उरतात चौसष्ट. चौसष्टला घेतली होती का? एकशे साठात शंभर खरेदीचे, म्हणजे स्टिकरचे साडेबासष्ट टक्के."

शकुताईने मोजलं. रॅकन् रॅक, बरणीतल्या टिकल्यांची पाकिटं सुद्धा. सात वाजेपर्यंत बेरीज आली, स्टिकरच्या भावाने बरोबर चार लाख. ऋतिका म्हणाली, "म्हणजे खरेदीने अडीच लाखांचा माल. झकास." मोजणीच्या कागदावर शकुताईने सही केली. कंबर धरून ती स्टुलावर टेकली, आणि ऋतिकाच्या कपाळावर आठी चढलेली तिला दिसली.

"काका, एक मिनिट हां. गेल्या मार्चलाही स्टिकरच्या भावाने माल होता चार लाखांचा. वर्षात आणलात साडेसात लाखांचा, साठ टक्के चढवून त्याचे स्टिकर झाले बारा लाखांचे. मिळून सोळा. गल्ल्यात आले अकरा लाख चाळीस हजार. मग रॅकवर उरायला हवेत चार लाख साठ हजार."

"आणि आहेत चार," शेठ सावकाश म्हणाले. आवाज उतरला की ते जास्तच मालवणीवर यायचे. "साठ हजार खंय गेले?"

शेठ शकुताईकडे बघत नव्हते, ते गल्ल्याकडे बघत होते. तिला ते जास्त लागलं.

"अहो शेठ, ते मी सोडलेले!" ती घाईने म्हणाली. "दहा-दहा रुपये! भाभी नाही का येत, त्या पोरी... तुम्हीच म्हणाला होता ना, परत पाठवू नका."

"दहा-पाच म्हटलेला मी. साठ हजार नाय म्हटलेला."

ऋतिकाने बोटांवर हिशेब केला. "काका, होऊ शकतं. वर्षाचे तीनशे दिवस धरा. दिवसाला दोनशे रुपये, म्हणजे वीस गिऱ्हाइकं, प्रत्येकी दहा."

"वीस तर येतातच!" शकुताई उठून उभी राहिली. "जास्तच येतात!"

"येतात हो ताई, पण लिहिलंय कुठे? गल्ल्याच्या वहीत दिवसाची एकच बेरीज आहे. फोनवर एकशे पन्नास आले, ते एकशे साठच्या वस्तूचे की दीडशेच्या, त्याला काय माहीत?" तिचा आवाज खाली आला. "बघा, शिल्लक माल कसाही अडीच लाखांचाच राहतो. प्रश्न या साठ हजारांच्या नावाचा आहे. भाव उतरवल्याची नोंद असती तर मी 'सूट' लिहिलं असतं. नोंद नाही, तर माल नाहीसा झाला असं धरतात. मला 'तूट' लिहावं लागतं."

सूट, तूट. एका अक्षराचा तर फरक. शकुताईला वाटलं, पोरीने बोट जरा सरकवलं की झालं.

ऋतिकाने एक कोरा कागद पुढे केला. "आठवेल तसं लिहा. कुणाला, कधी, किती. मी साहेबांना दाखवून बघते."

शकुताई लिहायला बसली. भाभी, संक्रांतीला, आरसा, वीस रुपये. मग? भाभी तर दर आठवड्याला यायची. पण कुठल्या आठवड्यात काय नेलं? ती चोंबडी कॉलेजवाली, तिचं नाव काय? शकुताईला तिचा आवाज आठवत होता, मानेचा झटका आठवत होता, 'यार' कुठे लांबवते ते आठवत होतं. तारीख आठवत नव्हती. रकमेच्या रकान्यात आवाज कसा लिहिणार? अर्ध्या तासात अकरा ओळी झाल्या. बेरीज तीनशे चाळीस.

ऋतिकाने कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि लॅपटॉपवर दोन अक्षरं टाइप केली. शकुताईला स्टुलावरून ती दिसली.

"मी घेतले असते तर चौदा हजार पगारात एकोणीस वर्षं काढली असती का, शेठ?" तिने विचारलं.

"मी खंय म्हणतंय तू घेतलंस?" शेठ कळवळून म्हणाले, आणि खरंच कळवळले होते. "पण कागद काय म्हणतो बघ ना गो. माल कमी, मोजणी तुझी, सही तुझी. उद्या कर्ज मागताना बँकवाल्याने विचारलं तर मी काय सांगू? गिऱ्हाइकं गोड बोलतात म्हणून?"

मोजणी बरोबरच होती. प्रत्येक रॅकवर दहा पाकिटं जास्त मांडली असती तर, असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला लाज वाटली.

"थोडे दिवस मी बसतो गल्ल्यावर," शेठ ड्रॉवरच्या किल्लीकडे बघत म्हणाले. "तुम्ही माल लावा. पगार तोच."

पुन्हा 'तुम्ही'वर आले होते. तिने किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या रॅकशी क्लिपा लावत होती. एक नवीन बाई आली, कडेवर पोर. एकशे वीसचा आरसा उचलून म्हणाली, "मावशी, काय कमी नाही का होणार?"

शकुताईचं तोंड उघडलं. मग तिने नुसतं बोट केलं, पुढे, शेठ बसले होते तिकडे.