पुणे वर कसं गेलं

बायको सुरतच्या एका मराठी शाळेत कंत्राटावर भूगोल शिकवते. त्या आठवड्यात तपासणीचे साहेब तिचा एक तास बसून ऐकणार होते आणि पुढच्या वर्षीचं कंत्राट त्यावरच ठरणार होतं. आपलं अक्षर बरं आहे, असा माझा जुना समज. म्हणून तक्ता रंगवायचं काम मी मागून घेतलं. 'महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या महापालिका : लोकसंख्येनुसार' असं ठळक निळ्या रंगात लिहिलं, मोबाइलवर यादी काढली आणि वरून खाली नावं उतरवली. पहिलं पुणे. मला काही खटकलं नाही. माझी मावशी पुण्याची आहे, ती माझ्या लहानपणापासून हेच सांगत आलीय.

सुरतच्या कडेला आम्ही राहतो त्या कोसाडहून तक्ता स्कूटरवर मीच नेला आणि कौतुकाच्या आशेनं व्हरांड्यात रेंगाळलो. तक्ता उलगडताच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मुंबई खाली कशी?"

बायकोनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात ती नजर मला पाठ झालीय. घाईघाईनं मोबाइल उघडला. यादीतल्या 'क्षेत्रफळ' या रकान्यावर माझं बोट पडलं असणार. सगळी नावं माणसांऐवजी जमिनीच्या मापानं लागली होती. मी फोन खिडकीच्या गजांना लावून धरला. तिनं वाचलं. मागच्या खुर्चीवरून साहेबही बघत होते.

"बरोबर पकडलंस," ती त्या मुलीला म्हणाली. "शीर्षक एक आणि यादी दुसरीच. बरं, आपल्या वर्गात किती जण?"

"बावन्न!"

"आणि शेजारच्या हॉलमध्ये?"

"शिपाईकाका एकटेच."

"मग मोठं काय, वर्ग की हॉल?"

अर्धे हॉल ओरडले, अर्धे वर्ग.

"दोन्ही बरोबर. पण कशानं मोठं, ते आधी विचारायचं. माणसं मोजली तर मुंबई पहिली. पुण्याच्या हद्दीत आजूबाजूची गावं घातली, म्हणून जमीन मोजली तर पुणे मुंबईच्या वर."

"मॅडम, आमचं कोसाड सुरतमध्ये घेतलं, तसं?"

"अगदी तसं. गाव जागचं हललं नाही, हद्द हलली."

तास संपल्यावर साहेब उठले. "ताई, तक्ता चुकीचा होता, हे मला लिहावं लागेल."

"लिहा, साहेब."

"तास उत्तम झाला, हेही लिहितो. तक्ता कुणी केला?"

"आमच्या ह्यांनी."

साहेबांनी व्हरांड्याकडे पाहिलं. "अक्षर छान आहे."

"हो, अक्षर आहे," बायको म्हणाली.

कंत्राट वाढलं. ते कळलं त्याच संध्याकाळी तिनं नवा कागद माझ्यापुढे टाकला. दोन रकाने आखले, एकावर लोकसंख्या आणि दुसऱ्यावर क्षेत्रफळ असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खालची नावंही स्वतःच भरली. मला चौकट रंगवायला दिली.