निळ्या झेंड्याजवळ या

तुमचा हात धरून एक अनोळखी मूल रडतंय, भोवती नजर पोहोचेल तिथवर माणसंच माणसं आहेत, आणि काय करायचं ते तुमच्या खिशातल्या कागदावर लिहिलेलं आहे. अशा वेळी त्या कागदावरच्या किती ओळी तुम्ही वाचाल?

मी लिहिलेल्या कागदावर पहिल्या बारा ओळी इतिहासाच्या होत्या.

मी पत्रकांवर वाढले. उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा ते लिहायचे, आई रात्रीच्या जेवणाआधी ते मोजून लावायची आणि मी तीन घड्या घालायची. अक्षरओळख मला पाटीवर झाली नाही, ‘बंधू-भगिनींनो’वर झाली. एखादी गोष्ट लिहायची म्हणजे आधी अन्यायाचं नाव घ्यायचं, मग इतिहासाला साक्षीला बोलवायचं, आणि शेवटी वाचणाऱ्याला उठवून उभं करायचं, हे मला शाळेच्या निबंधाआधी येत होतं. त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या गर्दीसाठी आमच्या मंडळाला मैदानाचा एक कोपरा मिळाला होता. पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराचा मंडप आणि त्या बाजूची दर्शनाची रांग आमच्याकडे. स्वयंसेवकांना द्यायचं सूचनापत्र मी लिहावं असं ठरलं. प्रथमोपचार ज्यांच्याकडे होता त्या बाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. मी त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, थोडं वाचलं, कागद उलटा करून पाहिला आणि परत सुलटा केला.

“पोरी, चक्कर आलेल्या बाईपाशी उभा असलेला माणूस हे कधी वाचीन वं?”

“सिस्टर, आपण इथं का जमतो ते स्वयंसेवकाला माहीत नको?”

“त्याले माहीत आहे, म्हणून तर तो येऊन राहिला. त्याले हे माहीत नाही का बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.”

मी भांडले. विचाराशिवाय काम म्हणजे हमाली, असं काहीतरी बोलले. शेवटी तडजोड झाली: पुढच्या पानावर माझं निवेदन, सूचना मागच्या पानावर. त्या सूचनाही मी पत्रकाच्याच भाषेत लिहिल्या. ‘रांगेत शिस्त राखावी.’ ‘प्रसंगावधान राखून प्रथमोपचार करावा.’ आणि ज्याचा मला विशेष अभिमान होता ते वाक्य: ‘हरवलेले मूल आढळल्यास त्यास निळ्या झेंड्याखालील मंडपात न्यावे व पालक येईपर्यंत तेथून हलू नये.’

निळा झेंडा. त्या मैदानावर. त्या दिवशी.

मंडळाच्या दहा जणांनी तो मसुदा वाचला, बाबांनी दोनदा वाचला, सिस्टरनीही मान डोलावली. कोणाच्याच लक्षात आलं नाही. आमच्या मनात झेंडा एकच होता, आमच्या मंडपावरचा. बाहेरून येणाऱ्याला तिथं हजार निळे झेंडे दिसणार होते.

सकाळी अकराच्या सुमारास ऊन चढलं. पुढे गर्दी झाली म्हणून आमच्या पोरांनी रांगेचं तोंड थांबवलं. ते बरोबर होतं. पण शेपटीकडे कोणी निरोप दिला नाही. मागची माणसं चालत राहिली आणि मधली दाबली गेली. ‘शिस्त राखावी’ असं लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हातात होता. बऱ्याच जणांनी त्याचा पंखा केला होता.

पाच मिनिटांत दाब कमी झाला. कोणाला लागलं नाही. पण तासाभरानं दोन बायका एका तिसरीला आधार देत मंडपात घेऊन आल्या. मौद्याची होती, तिशीच्या आतबाहेरची, पांढरी साडी घामानं ओली. उंबरठ्यापाशीच ती खाली बसली आणि कलंडली. सिस्टरनी तिला सावलीत आडवं केलं, पायांखाली पिशवी सरकवली, मानेवर ओलं फडकं ठेवलं आणि भोवतीच्यांना हटवलं. मिनिटभरात तिनं डोळे उघडले. उघडल्याबरोबर उठायला लागली.

“माही पोरगी! हात सुटला माहा. रांगेच्या बांबूखालून गेली ती.”

“किती वर्षांची?” मी विचारलं.

“सहा.”

“कपडे कोणते?”

“पांढरा फ्रॉक.”

मी बाहेर पाहिलं. दिसेल ते प्रत्येक लेकरू पांढऱ्या कपड्यात होतं.

“तुम्ही लोकांनीच सांगतलं मले, निळ्या झेंड्यापाशी जा,” ती म्हणाली. “मी चार झेंडे पाहून आली. एका ठिकाणी पुस्तकं होती, एका ठिकाणी भात वाटून राहिले होते. ताई, कोणता झेंडा वं तुमचा?”

त्या क्षणी मला माझं वाक्य पहिल्यांदा तिच्या डोळ्यांनी दिसलं. पोर कोणीतरी उचललं असेल, कागद पाहिला असेल, आणि जवळचा झेंडा गाठून तिथंच बसला असेल. आमचाच चांगला माणूस, आमचीच आज्ञा पाळत. ती आई मैदानभर फिरली तरी तो जागचा हलणार नव्हता. आणि पोर चांगल्या माणसाच्याच हाती लागलं, हे तरी कोणी सांगावं?

फोन लावले. गर्दीत एकही लागेना. एकाला पोलीस चौकीत नोंद करायला पाठवलं. मी माइककडे धावायला निघाले तर सिस्टरनी दंड धरला.

“काय सांगशीन?”

“मुलीचं नाव, पांढरा फ्रॉक, सहा वर्षं...”

“म्हणजे कोणीही येऊन तिले नावानं हाक मारीन, अन् ती जाईन त्याच्यासंग. नाव नाही सांगायचं माइकवर. आधी लिही. कमी लिही. आणि झेंडा सोड, दुसरं काही शोध जे या मैदानात एकच आहे.”

मंडपामागे स्वयंपाकाची जागा होती. तिथं भाताचं पिवळं प्लास्टिकचं घमेलं धुऊन पालथं घातलेलं. मी ते उचललं, दोघांनी मंडपाच्या सगळ्यात उंच बांबूला ते तारेनं बांधलं. उन्हात ते असं चमकलं की मलाच हसू आलं. मग माझ्याच सूचनापत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत मी लिहायला बसले. ‘बंधू-भगिनींनो’ लिहिलं आणि खोडलं. सिस्टर बाजूला उभ्या राहून एकेक गोष्ट सांगत होत्या, आणि मुलीच्या आईच्या हातात साखर-मिठाचं पाणी होतं, ते ती पीत नव्हती.

माइकवर वाचलं ते असं:

“सगळ्या स्वयंसेवकांसाठी सूचना. उंच बांबूवर पिवळं घमेलं दिसते, तो आमचा मंडप. झेंडा पाहू नका, घमेलं पाहा.

ज्याच्याजवळ हरवलेलं मूल आहे, त्यानं दुसरा एक स्वयंसेवक सोबत घ्यावा आणि मुलाला घमेल्याकडे आणावं. एकट्यानं नेऊ नका. वाटेत कोणाच्याही हाती देऊ नका, ते आईबाप म्हणाले तरी. मुलाचं नाव मोठ्यानं पुकारू नका.

रांगवाल्यांनो, पुढे थांबवलं की आधी शेवटच्या माणसाला थांबवा. मध्ये दाब दिसला तर बाजूचा दोर सोडा. ओळखीच्या कोणालाही मध्ये घुसवू नका. म्हातारी माणसं, गरोदर बाया, अपंग यांची वाट वेगळी आहे. ॲम्ब्युलन्सचा रस्ता मोकळा ठेवा.

कोणी पडलं तर सावलीत आडवं करा, गर्दी हटवा. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. एकानं तिथंच थांबा, एकानं आम्हाला बोलवा.”

तीनदा वाचलं.

मुलीची आई घमेल्याखाली उभी होती. बसत नव्हती. मी तिच्याजवळ उभी राहिले. वीस मिनिटं असतील. वीस मिनिटांत मी एकाही घोषणेचा विचार केला नाही.

मग गर्दीतून आमचा एक स्वयंसेवक आला, बुटीबोरीच्या कापड कारखान्यात मशीनवर काम करणारा, सकाळी थेट रांगेवर येऊन उभा राहिलेला. सोबत दुसरी एक स्वयंसेविका, आणि दोघांच्या मध्ये फ्रॉकवर भाताची शितं सांडलेली एक पोरगी. सिस्टरनी आईला झटकन कनातीमागे घेतलं.

“काहून? माहीच आहे ती!”

“आहे वं माय. पण आज मी तुह्यावर विश्वास ठेवला, तर उद्या दुसऱ्या कोणावर ठेवीन. तिची एखादी खूण सांग.”

आई म्हणाली, “डाव्या हातावर पेनानं घड्याळ काढलं आहे. बसमध्ये मीच काढून देलं. रडत होती घड्याळासाठी.”

मी बाहेर जाऊन पोरीचा हात पाहिला. निळ्या शाईचं घड्याळ. घामानं अर्धं पसरलेलं, काटे शाबूत. मग “आई कुठं आहे?” असं विचारलं, तेव्हा ती कनातीच्या फटीकडे बोट दाखवून पळालीच. पुढचं मी लिहीत नाही. चौकीत मुलगी सापडल्याचं कळवलं आणि नोंदवहीत आईची सही घेतली.

तो बुटीबोरीचा दादा माझ्यापाशी आला. घामेजलेला कागद अजून हातात.

“ताई, मी दीड तास तिथंच बसून राहिलो न. लिहिलं होतं, हलू नका. पुस्तकवाले म्हणाले, जा गा बावा, चौकीत दे. मी म्हटलं, नाही, कागदावर लिहिलं आहे.” मग थोडा लाजून म्हणाला, “भात चारला तिले.”

त्यानं तक्रार केली नव्हती. त्यानं माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला होता. मला त्याच्याकडे पाहता येईना.

घरी मी तो कडेला लिहिलेला कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. “याच्यात विचार कुठं आहे?” असं विचारतील म्हणून मी तयार होते. त्यांनी एवढंच विचारलं, “पोरगी सापडली न?” आणि हाताच्या सवयीनं कागदाला तीन घड्या घातल्या.

माणूस महत्त्वाचा, हे मी आयुष्यभर छापील अक्षरांत वाचलं. ते खरं मानत असू, तर उन्हात उभ्या असलेल्या, दमलेल्या माणसाला एका नजरेत कळेल असं लिहिणं हेही त्याच विचाराचं काम आहे. त्याला न कळणारं लिहून आपण त्याचा अपमान करतो, आणि त्याची किंमत एखादी आई मोजते.

म्हणून तुम्हाला एक विनंती. या वर्षी तुमच्या मंडळाचा, जत्रेचा, उत्सवाचा सूचनांचा कागद छापायला जाण्याआधी तो घेऊन मैदानावर जा. जागा ठाऊक नसलेल्या एखाद्या माणसाच्या हाती द्या. त्याला उभ्या-उभ्या वाचू द्या आणि विचारा: हरवलेलं मूल सापडलं तर कुठं नेशील? तोंडानं सांगू नको, बोट दाखव. त्याचं बोट चुकलं, तर त्याला समजावत बसू नका. कागद खोडा, आणि तिथंच बसून पुन्हा लिहा.