हरायला ठेवलेलं खाचर

जगदेवरावांना कोणी विचारलं, की कॉलेजात तुम्ही काय करता, तर ते "फील्डमन आहे" असं सरळ कधी सांगत नसत. "श्री पद्धत करतो," म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, गृहस्थ पूजापाठ करत असावेत. मग जगदेवराव खुर्ची पुढे ओढून अर्धा तास भाताची लावणी समजावत, आणि थाटीपूरच्या त्यांच्या गल्लीतले लोक त्यांना हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नसत.

शिंदेशाहीच्या जुन्या राजधानीत, मुरारच्या पलीकडे, एक खाजगी शेतकी कॉलेज आहे. इमारत एवढी मोठी की शेत तिच्या अंगणासारखं दिसतं. त्या शेतात शेजारी शेजारी दोन खाचरं. एकात श्री पद्धत: बारा दिवसांचं कोवळं रोप मुळाच्या मातीसकट उचलायचं, एका जागी एकच लावायचं, चारही बाजूंनी पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवायचं, पाणी तुंबू द्यायचं नाही, फक्त ओल राखायची, आणि दर दहा दिवसांनी ओळींमधून कोनोवीडर फिरवायचा. हा कोनोवीडर म्हणजे दात्यांचा हातढकल्या. तण चिखलात गाडतो आणि चालवणाऱ्याची कंबरही. दुसऱ्या खाचरात नेहमीची लावणी. तिला कॉलेजात म्हणायचे कंट्रोल.

बारा वर्षांपूर्वी हा प्रयोग सुरू झाला, तेव्हा विभागाचे प्रमुख दिग्विजयसिंह सर बांधावर उभं राहून म्हणाले होते, "जगदेवराव, फ़र्क़ दिखना चाहिए।" सरांना एवढंच म्हणायचं होतं, की लावणी नीट करा. पण जगदेवरावांचे पणजोबा-खापरपणजोबा शिंदेशाहीच्या फौजेत होते. हुकूम मिळाला की त्याचा अर्थ विचारायचा नाही, ही सवय रक्तातच होती. त्यांनी मनाशी पक्कं केलं, की श्रीचं खाचर जिंकायला आहे आणि कंट्रोल हरायला ठेवलंय.

आणि मग माणसाने कंट्रोलला हरवण्यात काही कसूर ठेवली नाही. शेणखत सगळं श्रीला. कंट्रोलला युरियाची एक मूठ. गडी आधी श्रीत; तिथलं उरकून उरलेल्या दिवशी कंट्रोलमध्ये. रोप दोन्हींचं एकाच दिवशी टाकलेलं, पण कंट्रोलची पाळी येईपर्यंत ते अडतीस दिवसांचं होऊन जाई. मग ते मुठीने उपटायचं, पाच-पाच सहा-सहा काड्या चिखलात खुपसायच्या आणि एकदा खुरपलं की पुण्य झालं. दरवर्षी श्री दीडपट पिके. दरवर्षी शेतकरी मेळाव्यात सर आकडे वाचत, आणि जगदेवराव श्रीच्या खाचरातली एक चूड, म्हणजे एका जागचा झुबका, धरून बावन्न फुटवे मोजून दाखवत. ती चूड नेहमी बांधालगतच्या कोपऱ्यातली असे. तिथे ऊन दोन बाजूंनी मिळतं. हे त्यांना माहीत होतं. पण पाहुण्यांना घरातली फाटकी चादर दाखवतं का कोणी?

यंदा नोव्हेंबरच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. त्याआधी आठ तारखेला मेळावा, आणि मेळाव्यात त्यांचा सत्कार: शाल, श्रीफळ आणि एक शिल्ड, ज्यावर "बारा वर्षे, दीडपट उत्पादन" असं कोरलेलं असणार होतं. त्यांच्या पत्नी शांताताईंनी टीव्हीच्या वरची जागा जूनपासूनच पुसून ठेवली होती. जगदेवरावांना ती शिल्ड हवी होती. उभ्या आयुष्यात त्यांच्या नावाचं काहीच कुठे कोरलं गेलं नव्हतं. साधा घराच्या दारावरचा फलकसुद्धा घरमालकाच्या नावाचा होता.

जूनमध्येच तन्वी आली. तिसऱ्या वर्षाची मुलगी, चष्मा, पाठीवर दप्तर. असाइनमेंट होतं: श्री पद्धत आणि पारंपरिक लावणी यांची चिकित्सक तुलना. वर्गातल्या बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या वह्या मिळवून काम उरकलं होतं. ही रोज सकाळी बांधावर.

"काका, कंट्रोलचं रोप किती दिवसांचं लावता?"

"असंच, जेव्हा गडी फुरसतीत मिळतील तेव्हा. पस्तीस-अडतीस."

"आणि खत?"

"खत तर सगळं श्रीला जातं ना, बेटा. कंट्रोलला काय करायचं? तो तर हरायलाच ठेवलाय."

तन्वीची पेन्सिल थांबली. "मतलब? हरायला?"

जगदेवरावांनी मग मोठ्या अभिमानाने तिला आपली सगळी कारागिरी सांगितली. गडी कसे शेवटी पाठवायचे, पाण्याची पाळी कशी चुकवायची. तन्वी ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"काका, मग फरक श्रीमुळे पडला, की खतामुळे, की तुमच्यामुळे, हे कळणार कसं? एका मुलाला दूध-तूप दिलं, दुसऱ्याला उपाशी ठेवलं, आणि म्हणालो पहिल्याची शाळा चांगली! ये तो ग़लत है ना!"

जगदेवराव उठून पाण्याचा पाट बघायला निघून गेले. त्यांना राग आला, तो मुलीचा की स्वतःचा, हे त्यांना त्या दिवशी समजलं नाही.

तन्वीने सरांकडून तिसऱ्या खाचराची परवानगी काढली. लावणी नेहमीचीच, पण मन लावून: एकवीस दिवसांचं रोप, एका जागी दोन, वीस बाय पंधरावर ओळीत, पाणी नेहमीसारखं साचवलेलं, शेणखत श्रीइतकंच, खुरपणी वेळेवर दोनदा. सरांनी हसत सही केली. पोरीचा हट्ट, करू द्या. काम अर्थातच जगदेवरावांच्या गळ्यात पडलं.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या खाचरात तण माजलं. पहिल्या खुरपणीचा दिवस आला आणि तन्वी तापाने घरी पडली. जगदेवराव हातात खुरपं घेऊन बांधावर उभे राहिले. चार दिवस नुसतं नाही बघितलं, की काम होणार होतं. तण आपोआप जिंकलं असतं, शिल्ड आपोआप आली असती, आणि कोणी बोटही दाखवलं नसतं. बारा वर्षं हेच तर केलं होतं. ते घरी परतले. रविवारी पोहे खाता खाता एकदम उठले.

"कुठे निघालात?" शांताताई म्हणाल्या.

"खुरपायला."

"आज? अहो, रिटायर व्हायला तीन महिने राहिले, आणि तुम्ही त्या पोरीच्या भातात खुरपून राहिले?"

"त्या पोरीचं काय त्यात? बारा वर्षं त्या दुसऱ्या खाचराला मी मुद्दाम मारलं, शांता. ते चांगलं भात होतं गं." एवढं बोलून त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. शांताताईंनी उरलेले पोहे डब्यात भरून दिले आणि शिल्डच्या जागेकडे बघायचं टाळलं.

ऑक्टोबरात तन्वी फुटवे मोजायला बसली. जगदेवरावांनी सवयीने कोपऱ्यातली चूड पुढे केली. तिने ती बाजूला सारली आणि बांधापासून आत गेली. आतल्या श्रीच्या चुडीला सरासरी चोवीस फुटवे. एका चौरस मीटरमध्ये चुडी सोळा. तिसऱ्या खाचराच्या चुडीला साडेअकरा. पण एका मीटरमध्ये चुडी तेहेतीस. तिने मोबाइलवर गुणाकार केला. तीनशे चौऱ्याऐंशी आणि सुमारे तीनशे ऐंशी.

"म्हणजे सारखेच?" जगदेवराव म्हणाले.

"सारखेच."

बावन्न फुटव्यांच्या जोरावर बारा वर्षं टाळ्या घेतलेला माणूस मटकन बांधावर बसला.

मेळाव्याच्या तीन दिवस आधी प्रत्येक खाचराच्या मधोमध पाच बाय पाच मीटरचा चौकोन कापून, झोडून, वाळवून, तोलला. श्री चौदा किलो आठशे. तिसरं खाचर साडेचौदा किलो. जुना कंट्रोल नऊ किलो सहाशे. "तीनशे ग्रॅम तर उफणताना पाखरं खाऊन जातात," जगदेवराव पुटपुटले. तन्वीने तेच सभ्य भाषेत लिहिलं, की एकेकाच खाचरावरून एवढ्या फरकाला अर्थ देता येत नाही. पण तिने हेही लिहिलं, की श्रीला बियाणं हेक्टरी सहाएक किलो लागलं आणि साध्या लावणीला चाळीसच्या घरात, पाणीही कमी लागलं, मात्र कोवळं रोप हाताळायला कसब हवं आणि कोनोवीडरला माणसं. म्हणजे श्री खोटी नव्हती. तिच्या नावावर जे दीडपट मिरवलं गेलं, ते खोटं होतं.

सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "तीसरे प्लॉट की बात मेले में नहीं करेंगे। बेकार कन्फ़्यूज़न होगा।"

तन्वी जगदेवरावांकडे आली. "काका, जुन्या कंट्रोलचं खरं मी लिहू का? तुमचं नाव येईल."

"लिही. पण आधी आठ तारीख जाऊ दे," ते म्हणाले, आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

आठ तारखेला मंडप भरला. डबऱ्याचे, भितरवारचे शेतकरी ट्रॉल्या भरून आले. जगदेवरावांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. सरांनी शिल्ड उचलली आणि कोरलेला मजकूर वाचू लागले. "दीडपट"पर्यंत येतात तोच जगदेवरावांनी माइक पकडला.

"भाइयो, ये डेढ़ गुना वाली बात झूठ है। वो दूसरा प्लॉट मैं हर साल भूखा रखता था। अड़तीस दिन की पौध, मुट्ठीभर खाद, एक ही निराई। बारह साल। उधर तीसरा प्लॉट देखो, सादी रोपाई है, टाइम पे की है। श्री के बराबर बैठी है। बीज-पानी श्री में बचता है, मेहनत ज़्यादा है। बस, इतना ही सच है।"

सर शिल्ड हातात धरून गोठले होते. शांताताईंनी पदर तोंडाला लावला.

मग मागच्या रांगेतून भितरवारचे एक म्हातारे सरदारजी उठले.

"राव साहब, ये तो हमें पहले साल से पता है। अड़तीस दिन की पौध कौन किसान लगाता है? हम तो पूड़ी-सब्ज़ी खाने आते हैं।"

सगळा मंडप हसला. तन्वी हसली, सरांनाही नाइलाजाने हसावं लागलं. जगदेवराव मात्र माइकसमोर तसेच उभे राहिले. बारा वर्षं ज्यांच्यासाठी त्यांनी एक चांगलं भात मारलं, त्यांच्यापैकी एकानेही त्यांचं एक अक्षर खरं मानलं नव्हतं.

सरदारजी अजून बसले नव्हते. "आज आपने सच बोला है," ते म्हणाले, "तो अब बताओ, वो बारह दिन की पौध उखाड़ते कैसे हो, कि टूटे ना?"

जगदेवरावांनी नारळ सरांच्या हातात दिला आणि मंचावरून उतरून खाचराकडे चालू लागले; रोपाचे दिवस नव्हते, पण मुळाची माती न सांडता उचलायची कशी, ते गवताच्या काडीवरही दाखवता येत होतं. मागून पंचवीस-तीस शेतकरी उठले. पुऱ्या अजून तळायच्या होत्या.