पाचवा मुद्दा

आमच्या जळगावच्या मेडिकल कॉलेजात कुणाचाही निरोप समारंभ असो, उद्घाटन असो, नाहीतर डीनच्या मुलीच्या लग्नातलं दोन शब्दांचं मनोगत असो, कागद माझ्याकडेच येतो. शरीररचनाशास्त्र शिकवणं हा माझा पगाराचा धंदा. दुसऱ्यांची भाषणं लिहिणं हा फुकटचा. फुकटच्या धंद्यात मी जास्त प्रसिद्ध आहे.

त्या वर्षी नव्या मुलांना कोट चढवायच्या व्हाइट कोट समारंभाला सर प्रमुख पाहुणे होते. सर म्हणजे माझे सर. मेडिसिन शिकवायचे, मला दोनदा नापास करून तिसऱ्यांदा पास केलेलं. निवृत्त होऊन धुळ्याला राहत होते. भाषण लिहून द्यायला मीच हवा, असा त्यांचा हट्ट. "तुला औषधं कधी कळली नाहीत, पण वाक्यं बरी करतोस," असं त्यांचं प्रमाणपत्र.

मुद्दे आले ते जुन्या केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहिलेले, पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरबरोबर. सहा होते.

१. अभिनंदन, थोडक्यात. पालकांशी मराठीत.
२. कोट पांढरा का? डाग दिसावा म्हणून.
३. खिशात पेन, रुमाल. मोबाइल नको.
४. पहिला पेशंट डिसेक्शनच्या टेबलावर. तो गुरू.
५. धरणगावची माय. बाकडं. मागचं दार. "बरी शे."
६. एवढंच.

अक्षर ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं झालेलं. मी स्टाफरूममध्ये कागद फिरवून म्हणालो, "बघा, सर म्हातारपणी कागद वाचवायला लागले!" सगळे हसले. त्यात दोन मेडिसिनचे प्राध्यापक होते. ओळीगणिक बारीक होत जाणारं अक्षर हे कंपवाताचं लक्षण, हे दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल. आम्ही तिघेही विनोदावर हसत होतो.

आता लिहिण्याचं सांगतो, म्हणजे माझं पाप नीट कळेल. सर सावकाश बोलत. मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे जात नसत. सात मिनिटांचं भाषण, म्हणजे सातशे शब्द. अक्षर मोठं, ओळी विरळ, पानाच्या एकाच बाजूला छपाई, आणि प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपवायचं, नाहीतर बोलणारा पान उलटताना अर्ध्यावर लटकतो. स्टेपल मारायची नाही, कोपऱ्यात आकडा टाकायचा. श्वास घ्यायच्या जागी तिरकी रेघ. सहा मुद्दे मिळाले म्हणून सहाही सारखे फुगवायचे नाहीत. श्रोता घरी एकच गोष्ट नेतो. ती कोट घालायच्या अगोदर, अगदी शेवटी ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम: बोलणाऱ्याच्या आयुष्यातली गोष्ट त्यालाच विचारायची, आपल्या मनाने भरायची नाही. हे नियम मी नव्या लेक्चररना ऐटीत शिकवतो.

घरी नेण्याची गोष्ट पाचवीच, हे मला लगेच कळलं. सरांना फोन लावला.

"सर, धरणगावच्या बाईचं काय आहे?"

पलीकडून काहीतरी येत होतं, पण फार हळू, एका सुरात, कापसातून आल्यासारखं.

"सर, रेंज नाहीये. मोठ्यानं बोला ना."

पुन्हा तेच. सर बराच वेळ बोलले. मी नुसता हं हं करत होतो.

"कळलं, सर," मी शेवटी म्हणालो. "मस्त होईल बघा!"

रेंज पूर्ण होती. सरांचा आवाजच एवढासा उरला होता.

सरांचा एक दंडक होता, भाषण आधी समोर बसून मोठ्याने वाचून दाखवायचं. रविवारी धुळ्याला जायचं ठरलं होतं. त्याच रविवारी एका मित्राच्या शेतात भरताची पार्टी निघाली. तुराट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. सरांना निरोप धाडला, "कामात आहे, कार्यक्रमाच्या दिवशी कागद हातात देतो." मी भरीत चारदा वाढून घेतलं. हेही कबुलीत लिहून टाकतो.

मग पाचवा मुद्दा मी माझ्या डोक्याने लिहिला. धरणगावची एक माय वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेली. आत तिची पोर अत्यवस्थ. तरुण डॉक्टर वेळ वाचवायला मागच्या दाराने धावत आत शिरतो, पोरीला मरणाच्या दारातून ओढून आणतो, बाहेर येऊन मायला तिच्याच बोलीत सांगतो, "बरी शे," म्हणजे बरी आहे. माय त्याच्या कोटाला डोळे टेकते. "तो ओला डाग मी आजवर धुतलेला नाही." चाळीस वर्षं कोट न धुणारा डॉक्टर पेशंटच्या जवळ तरी कसा जाईल, हा प्रश्न मला पडला नाही. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

समारंभाच्या दिवशी सर आले. चाल बारीक, एक हात अंगाशी धरलेला. बरोबर काकू. मी पाया पडलो आणि कागद हातात दिले.

"एकदा वाचू?" सर म्हणाले. त्यासाठी मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

"वेळ कुठंय सर, दीप लावायला थांबलेत सगळे. तुमचंच तर आहे!"

सभागृह पालकांनी भरलं होतं. पहूरहून केळीवाले आले होते, एरंडोलचे दोन शिक्षक. जळगावातलाच एक शिलाईचा कारागीर पोरीच्या कोटाची शिवण उलटून बघत होता. कोट रोल नंबरप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे, म्हणून मी व्यासपीठाच्या कडेला घड्यांच्या ढिगाजवळ उभा होतो. क्रम ठरलेला: दीप, भाषण, मग एकेक नाव पुकारून शिक्षकांनी कोट चढवायचा, मग सगळ्यांनी उभं राहून शपथ.

सर वाचू लागले. माइक ओठांना टेकवलेला, तरी आवाज पहिल्या चार रांगांतच विरत होता. पांढऱ्या रंगावरचा डाग झाला, पेन-रुमाल झाला, डिसेक्शनच्या टेबलावरचा गुरू झाला. पाचवं पान वर आलं.

"धरणगावची एक माय," सरांनी वाचलं, "बाकड्यावर बसली होती."

आणि थांबले. त्यांची नजर पानावरून खाली सरकताना मला दिसत होती. तळापर्यंत गेली. पुन्हा वर आली. मग त्यांनी पान उचलून पालथं ठेवलं आणि समोर बघून बोलायला लागले.

ओठ हलत होते. कागदावर नजर नव्हती. आवाज मात्र माइकमध्ये शिरतच नव्हता.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, आवाज वाढवा ना, काहीच ऐकू येत नई!"

मुलं चुळबुळ करायला लागली. सर बोलतच होते. मला वाटलं, सरांची ओळ हरवली. सर अडकले. माझे सर, दीडशे पोरांसमोर. त्यांना सोडवायला हवं, असं वाटलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या टाळ्या माझ्या. मग पहिली रांग, मग सगळं सभागृह. निवेदन करणारी मुलगी धावत माइककडे आली. "सरांना भावना अनावर झाल्या आहेत." टाळ्या आणखी वाढल्या. सर त्या टाळ्यांतही दोन-तीन वाक्यं बोलले. मग तोंड मिटलं. डीननी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि रोल नंबर एक पुकारला गेला.

धुळ्याला मीच गाडीने सोडायला गेलो. पारोळ्याच्या पुढे एका टपरीवर थांबलो. काकू गाडीतच बसल्या. सरांच्या चहाचा कप मी धरला होता, कारण त्यांच्या हातात तो ठरत नव्हता.

"सर, अडकलात ना जरा? आम्ही सांभाळून घेतलं."

सर म्हणाले, "गाढवा, मी अडकलो नव्हतो. जवळ ये."

मी कान जवळ नेला आणि त्यांनी पाचवा मुद्दा सांगितला.

पोर चार वर्षांची. जुलाब-उलट्यांनी सुकून आलेली. सर तेव्हा नवे हाउसमन, वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर. सकाळपासून जाता-येता माय विचारायची, "डाक्टरभाऊ, मनी पोर कशी शे?" माझी पोर कशी आहे. हे म्हणायचे, बरी आहे, बसा. अकराच्या सुमारास पोर गेली. मायला सांगायचं यांच्यावर होतं. बाकडं पुढच्या दारात. हे मागच्या दाराने निघून गेले. चहा प्यायले, लेक्चरला बसले. वाटलं, सिस्टर सांगेल. सिस्टरला वाटलं, डॉक्टर सांगतील. संध्याकाळी परत आले तर माय बाकड्यावरच. पांढरा कोट दिसला तशी उभी राहिली, पदर सारखा केला. "आते कशी शे?"

"आणि मी म्हणालो, बरी शे." सरांचे ओठ माझ्या कानाला लागत होते. "तिच्या भाषेत म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून. आणि पुढं गेलो."

चहा थंड झाला होता.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. आवाज जायच्या आत एकदा पोरांना सांगायचं होतं. कोट चढवायच्या आधी."

"फोनवर हेच सांगत होतात?"

त्यांनी मान डोलावली.

"पुढच्या वर्षी, सर. मी नीट लिहितो. जसंच्या तसं. मी वाचतो हवं तर."

"पोरांना हे सांगायला मीच हवा, रे," सर म्हणाले. "तू सांगितलंस तर गोष्ट होते." मग थोडं हसून, "आणि तू गोष्टी फार चांगल्या करतोस."

श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला. गिळताना ठसका लागून अन्न छातीत जायचं. चार दिवसांत सर गेले.

तेराव्याला धुळ्याला गेलो. काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात एक फाइल दिली. त्यात माझी छापील पानं होती, कोपऱ्यात आकडे घातलेली. पाचव्या पानाच्या पाठीवर सरांनी पेनने लिहिलं होतं. पहिली ओळ मोठी: "मुलांनो, हे असं झालं नव्हतं." खाली ओळीमागून ओळ बारीक होत गेलेली. त्यात 'मागचं दार' हे शब्द वाचता आले. 'चहा' वाचता आला. "ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि" इथपर्यंत मला वाचता आलं. पुढे अक्षरं एकमेकांत शिरून नुसती रेघ झाली होती. रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली होती.

"महिनाभर रोज थोडं थोडं लिहीत बसायचे," काकू म्हणाल्या. "मला भिंग लावूनही अक्षर लागत नाही. काय लिहिलंय रे यांनी?"

मी पान फाइलमध्ये घातलं.

"काही नाही काकू. समारंभाचे मुद्दे आहेत. छान लिहिलंय."

"छान आहे ना?"

"हो. छान आहे."

काकूंनी पदर सारखा केला आणि फाइल परत मागण्यासाठी हात पुढे केला.