पोटरीच्या गोळ्यावर काकूंचा उपाय

इस्त्रीच्या दुकानात बसायला जागा नसते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. लोक येतात, कपड्यांचा गठ्ठा टाकतात, "संध्याकाळपर्यंत द्या हं" म्हणतात आणि चालते होतात. आत एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटच्या घड्या, वरून लोंबणारी वायर आणि टेबलामागे उभ्या काकू. सकाळी उभ्या राहिल्या की दुकान बंद होईपर्यंत उभ्याच. एक स्टूल होतं म्हणा, पण त्यावर तयार कपडे ठेवलेले असायचे. कपड्यांना बसायला मिळायचं, काकूंना नाही.

पाण्याची तर वेगळीच तऱ्हा. दुकानाच्या जवळपास बाईमाणसानं जावं असा संडास नाही, मग बाई पाणी पिणार कशाला? दिवसभर वाफेसमोर घाम गाळायचा आणि घसा ओला होईल इतकाच घोट घ्यायचा. शेवटी काकूंच्या पोटऱ्यांनी बंड केलं. जरा डोळा लागला की पोटरीत असा गोळा यायचा की काकू अंथरुणात उठून बसायच्या, आणि हात लावावा तर पोटरी दगड. काका बिचारे उठून चोळत बसायचे.

काकू सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं व्यायाम शिकवणारी एक बाई होती, वयानं लहान पण तोंडानं खमकी. तिनं आधी काकूंच्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून जरा वेळ नाडी पाहिली, पाय गार आहे का ते चाचपलं, चालताना दुखतं का विचारलं. काकूंना तो सगळा फाफटपसारा वाटला. मग ती म्हणाली, "तुमचं रक्त छान खेळतंय. हे दमलेल्या स्नायूंचं दुखणं आहे. दिवसभर एका जागी उभं राहणं, पाणी कमी, त्यात वय. कधीकधी एखाद्या औषधाच्या गोळीनंही होतं, आणि कितीदा तर कारण सापडतच नाही."

उपाय साधा होता. गोळा आला की गुडघा सरळ ठेवायचा आणि पायाचा पंजा आपल्याकडे ओढायचा. हात पुरत नसेल तर पंजाला टॉवेल अडकवून ओढायचा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून उभं राहायचं, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरीला ताण बसेपर्यंत पुढं झुकायचं. काकूंनी नेमानं केलं, घरी असताना पाणी वाढवलं, आणि काही आठवड्यांत गोळे पळाले.

आता एखाद्या बाईचं दुखणं बरं झालं तर तिनं गप्प बसावं की नाही? पण काकूंना गप्प बसणं माहीत नव्हतं. शर्ट न्यायला आलेला वॉचमन, शेजारच्या शिंप्याची आई, शाळेत शिकवणारी एक उंच बाई, जो सापडेल त्याला काकू दुकानाच्या भिंतीशी उभं करायच्या आणि टाच दाबून धरायच्या. लोकांना गुण यायचा. काका त्यांना 'गोळेवाली डॉक्टरीण' म्हणायला लागले आणि मनातून त्यांना बायकोचा केवढा अभिमान होता, ते त्यांच्या तोंडावरच दिसायचं.

काकांचं काम कपडे घरोघर पोचवायचं. खांद्यावर गठ्ठा, ओठात सिगारेट, आणि ज्याच्या दारात जातील त्याच्याशी गप्पा. पुढं पुढं त्यांना परत यायला उशीर व्हायला लागला. वाटेत चपलांच्या दुकानापुढं उभे, मग घड्याळाच्या दुकानापुढं उभे. काकूंना गिऱ्हाईकं येऊन सांगायची.

"घ्यायचं एक नाही आणि सगळ्या बाजाराचा भाव काढत फिरता होय?" काकूंनी एकदा झापलं.

"अगं, पोटरी भरून येते. जरा उभा राहिलो की उतरते. मग चालतो."

"गोळाच तो. मी कशाला आहे?"

झालं. काकांना भिंतीशी उभं केलं. काका आज्ञाधारक माणूस, टाच टेकवून झुकायचे, मागून काकू गुडघा सरळ करायच्या. दुखणं काही थांबेना. मग ते रात्रीही सुरू झालं, पण पोटरीत कमी आणि पावलात, बोटांत जास्त. काकूंनी पोटरी दाबून पाहिली. मऊ होती. गोळ्याची गाठ हाताला लागत नव्हती. लागत नव्हती हे त्यांना कळलं, आणि तरी त्यांनी पंजा धरून ओढलाच. काका आवाज न करता सहन करायचे.

काकांनी आपल्या मनानं एक युक्ती शोधली होती. पाय पलंगावरून खाली लोंबता सोडला की बरं वाटायचं. काकूंना जाग यायची तेव्हा काका पाय खाली सोडून बसलेले.

"वर घ्या पाय. लोंबकळत ठेवलात तर सुजेल," असं म्हणून काकू तो पाय उचलून उशीवर ठेवायच्या. प्रेमानं ठेवायच्या, हीच तर रड आहे. काका मुकाट्यानं दात आवळून पडायचे आणि काकूंना झोप लागली की पाय हळूच पुन्हा खाली सोडायचे.

थंडी आली तसं ते दुखरं पाऊल गार पडलं. दुसरं कोमट आणि हे गार. काकूंच्या पेशाला साजेसा उपाय काकूंच्या हाताशीच होता. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी जुन्या धोतराचा तुकडा चार पदरी केला, त्यावर इस्त्री फिरवली, तळहातावर धरून पाहिला. बेताचाच गरम वाटला. तो त्यांनी काकांच्या पावलाला घट्ट गुंडाळला.

"चटका बसतोय का?"

"छे. काहीच नाही. अजून गरम चालेल."

काकूंनी अजून गरम केला. आता हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं की बाई, तुझा तळहात हा काही माणसाचा तळहात राहिलेला नाही. इतकी वर्षं तापलेल्या कापडाच्या घड्या घालून त्याची कातडी जाड चामड्याची झाली आहे. त्या हाताला जे बेताचं, ते दुसऱ्याला भाजणारं. आणि काकांच्या पावलाला तर काही कळतच नव्हतं. पण सांगणार कोण? दुकानात ती दोघंच होती, आणि दोघांचाही काकूंच्या हातावर विश्वास.

संध्याकाळी कापड सोडलं तर करंगळीच्या बाजूला मोठा फोड आला होता. फोड फुटला, जखम झाली. काकूंनी मलम लावलं. जखम भरेना. कडा काळपट दिसायला लागल्या तेव्हा काकूंनी त्यावर मोजा चढवला आणि लेकीला फोनवर सांगितलं, बाबांना जरा भाजलंय, बाकी ठीक.

लेक सुट्टीला आली, तिनं मोजा काढला आणि वासानंच मागे सरली. तिनं लगेच रिक्षा बोलावून आणली आणि दोघांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरनं काकांच्या पावलावर दोन बोटं ठेवली. पावलाच्या वर, मग घोट्यामागे, मग गुडघ्यामागे. बराच वेळ शोधत राहिला. दंडाला बांधतात तो रक्तदाबाचा पट्टा त्यानं घोट्याला बांधला. पाय वर धरला तर तो पांढराफटक पडला, खाली सोडला तर जांभळट लाल झाला. नडगीवरचे केस गेलेले, कातडी तुकतुकीत. काकू सगळं बघत होत्या. हे पाय त्यांनी रोज हातात धरले होते.

"चालताना पोटरी दुखायची?"

"हो."

"थांबलं की राहायची?"

"हो."

"झोपल्यावर पाऊल दुखायचं आणि पाय खाली सोडला की बरं वाटायचं?"

"अगदी बरोबर," काका म्हणाले, आणि डॉक्टरला सगळं ठाऊक आहे या आनंदानं काकूंकडं बघून हसले. काकूंना मात्र त्या खोलीत उभं राहवेना. एकही उत्तर त्यांना नवीन नव्हतं.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. स्नायूंच्या गोळ्याला पोटरी दगड होते, ताण दिला की सुटते. काकांचं दुखणं ते नव्हतंच. सिगारेटनं आणि कधी न तपासलेल्या साखरेनं पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. चालताना स्नायूला रक्त पुरत नव्हतं. पुढं तर पडल्या जागीही पुरेना. पाय खाली सोडला की थोडं रक्त उतरायचं, म्हणून आराम. साखरेनं संवेदनाही गेली, म्हणून भाजल्याचं कळलं नाही. "थंड पडलेल्या पायाला शेक देऊ नये. साधे मोजे घालावेत आणि लवकर दाखवावं. चालताना दुखायला लागलं तेव्हाच आला असतात तर सिगारेट बंद, औषधं आणि रोजचं चालणं एवढ्यावर पाय बहुतेक वाचला असता."

डॉक्टरनं बारीक तार आत घालून बंद रक्तवाहिनी उघडायचा प्रयत्न केला. पण खाली रक्त जायला रस्ताच उरला नव्हता. काळेपणा वर सरकत होता, ताप उतरत नव्हता. गुडघ्याखाली पाय काढायचा, नाहीतर माणूस जायचा, असं डॉक्टरनं सांगितलं. काका नाही म्हणाले. लेक रडली, डॉक्टर दोनदा बोलून गेला. काका भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. शेवटी डॉक्टर काकूंना म्हणाला, "तुम्हीच बोला. ते म्हणतात, बायको सांगेल तसं."

काकू खाटेशी बसल्या. त्यांना म्हणायचं होतं की अहो, माझं ऐकू नका, माझं ऐकूनच हे झालं. ओठापर्यंत आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर काकांनी मग कुणाचंच ऐकलं नसतं आणि पाय कापूही दिला नसता.

"लेकीला वाटतंय मी घाबरलोय," काका म्हणाले. "तसं नाही. डॉक्टर काय, आज आलाय, उद्या दुसऱ्या पेशंटकडं जाईल. तू इतक्या लोकांचे पाय बरे केलेस. तुला काय वाटतं ते सांग."

"काढू द्या," काकू म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

काकांनी मान हलवली. "मग दुखायचं थांबेल ना गं?"

डॉक्टरनं काकूंना बाहेर सांगितलं होतं की पाय गेल्यावरही कितीतरी जणांचा तो नसलेला पाय दुखत राहतो, कुणाचा वर्षानुवर्षं.

"थांबेल," काकू म्हणाल्या.

"मग ठीक आहे," म्हणून काकांनी डोळे मिटले, आणि काकूंनी बाहेर जाऊन डॉक्टरला सांगितलं की ते तयार आहेत.