उशाखालचा विळा

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी मंठ्याजवळ माहेरी आले होते. आमच्याकडं पाचवीला विळा पूजतात, मंग सव्वा महिना तो लेकराच्या उशाखाली ठेवतात. लोखंड असलं की वाईट काही जवळ येत न्हाई, असं मानतात.

पाचवी झाली आणि लेकराला पाजताना एकदम मनात आलं, ह्या विळ्यानं मीच ह्याला कापलं तर? नवसाचं लेकरू, आणि आईच्याच डोक्यात हे.

मी तो इचार हाकलायला लागले. देवाचं नाव घ्यायचे, गालात मारून घ्यायचे. घडीभर बरं वाटायचं, मंग तो दुप्पट जोरानं यायचा. विळा कणगीमागं लपवला, तर सगळं ध्यान कणगीकडं. मंग सुईचं भेव, पाट्यावरवंट्याचं भेव. लेकराला उचलणंच सोडलं. मायनं त्याला मांडीवर द्यायचं, मी हात पाठीमागं धरून पाजायचं.

मायला वाटलं, बाहेरचं लागलं. तिनं विळा हुडकून परत ठेवला, वर अडकित्ता ठेवला. "गुरुवारी दर्ग्यावर नेते. तरी न्हाई उतरलं तर लेकरू तुझ्या काकूच्या अंगावर पाजू, तिचंबी तान्हं हाय," म्हणाली. मला ते बराबरच वाटलं. माझ्यापासून तरी वाचेल.

बुधवारी सुईणमावशी न्हाऊ घालायला आली. पायावर लेकरू, बाजूला कढत पाण्याचं घंगाळ. माय आडावर गेल्ती.

"मावशे, ह्याला तुझ्या घरी ने."

"का गं, माझ्या घरी काय कमी हाईत?"

मंग भिंतीकडं बघत मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"तुला तसं करावं वाटतंय, का होईल म्हणून भेव वाटतंय?"

"भेव. दुसरं काय?"

"कानात कुणी सांगतंय का?"

"न्हाई. माझंच डोकं."

"मंग ऐक. ह्या कढत पाण्यापाशी मलाबी वाटतंय, लेकरावर ओतलं तर? आधी तो इचार हाकलायची, तवर हात थरथरायचे. आता म्हणते, आलास, बस. आन टाळूला तेल लावते."

"आन गेला न्हाई तर?"

"बसू दे की. तू त्याला अडवायला दारात बसलीस, म्हणून दुसरं काही दिसंना झालंय. जिचा जीव लेकरात, तिलाच असलं भेव वाटतंय."

तिनं लेकरू गुंडाळून माझ्या हातात दिलं. इचार तात्काळ आला. हात मागं घ्यावे वाटले. घेतले न्हाईत. देवाचं नावही घेतलं न्हाई. लेकरू शिंकलं.

माय आली तशी मावशी म्हणाली, "दर्गा राहू दे. विळा आहे तिथं असू दे. अडकित्ता तेवढा दे, सुपारी काय दातानं फोडू?"

गुरुवारी लेकराला शेजारी निजवून मी विळीवर शेपू चिरायला बसले. इचार आला, बसला. मी चिरत राह्यले. लेकरू रडलं, विळी आडवी करून त्याला घेतलं, पाजलं. इचार कधी उठून गेला, कळलं न्हाई. पुढंही यायचा अधूनमधून. विळा सव्वा महिना उशाखालीच होता.